प्रतिवादी क्र. २ यांचं म्हणणं : बस्ता लावतानाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४, सातारा

आज कपाटाच्या वरच्या खणातून ह्यांचा कोर्टाचा बस्ता खाली काढला. लाल कापडात बांधलेले तीन गठ्ठे आहेत. ह्यांना जाऊन काल चार आठवडे झाले.

काल संध्याकाळी मोठ्या भाऊजींचा फोन आला होता. "सत्तावीस जानेवारीला तारीख आहे. त्याआधी एका कागदावर सही लागेल तुझी. माणूस पाठवतो." कसला कागद, असं विचारलं, तर म्हणाले, "जुनंच आहे सगळं. २००३ च्या निकालाप्रमाणं वाटणी व्हावी, एवढंच लिहिलंय." मी वाचून सांगते म्हटलं. प्रगतिपुस्तकावर पालकांनी न वाचता सही केलेली मला शाळेत कधी चालली नाही.

मला आजवर माहीत होतं ते एवढंच. १९९६ मध्ये वन्संनी दोन्ही भावांवर वाटपाचा दावा लावला. त्यात मोठे भाऊजी प्रतिवादी क्रमांक १ आणि हे क्रमांक २. बहिणीने भावांना कोर्टात खेचलं, हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलं की ते माझंही होऊन गेलं. पुढे २००१ मध्ये भाऊजी आणि ह्यांचं बोलणं तुटलं, ते विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून, असं मी धरून चालले. ह्यांनी कोर्टाचा विषय घरात कधी काढला नाही, मीही विचारला नाही.

रोज दुपारी दोन तास द्यायचे, असं ठरवलं आहे. आधी वाचायचं नाही, नुसतं लावायचं.

४ डिसेंबर

पहिला घोळ 'नि.' या अक्षराचा झाला. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात नि. १, नि. ५, नि. २३ असं आहे. मी 'निकाल' समजत होते आणि एका दाव्यात इतके निकाल कसे, या विचारात पडले होते. नि. म्हणजे निशाणी. कागद कोर्टात दाखल झाला की त्याला पुढचा क्रमांक मिळतो. नि. १ म्हणजे खुद्द दावा. नि. ५ हा तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आणि बहुतेक दाव्यांत तो याच क्रमांकावर असतो, असं वकीलसाहेबांनी फोनवर सांगितलं. त्यामुळे कोर्टाच्या आवारात "निशाणी पाचचं काय झालं?" एवढं म्हटलं तरी पुरतं.

एकदा हे कळल्यावर काम सरळ झालं. शंभर पानी वहीत चार रकाने आखले: निशाणी, तारीख, कोणी दिला, एका ओळीत काय आहे. गठ्ठ्यात निशाण्या सलग नाहीत. जिथे नाही तिथे ओळ रिकामी ठेवली आहे. ह्यांच्याकडे काय नव्हतं, हेही त्यावरून दिसेल.

९ डिसेंबर

एक्केचाळीस कागद लागले. तारखांचा सांगाडा असा उभा राहिला: आप्पा, म्हणजे माझे सासरे, गेले १९८९ मध्ये. दावा १९९६. सासूबाई गेल्या १९९९ मध्ये, दावा चालू असतानाच. प्राथमिक हुकूमनामा २००३. त्यावर भाऊजींनी जिल्हा न्यायालयात केलेलं अपील २००८ मध्ये फेटाळलं. त्यानंतर अंतिम हुकूमनाम्याचं काम सुरू झालं, ते अजून तिथेच आहे.

'प्राथमिक' हा शब्द मी निकालाच्या कागदावर तीनदा वाचला. एकवीस वर्षं आमच्या घरात 'निकाल लागला' असंच म्हटलं जातं. वाटपाच्या दाव्यात दोन टप्पे असतात. प्राथमिक हुकूमनामा कोणाचा किती हिस्सा ते ठरवतो. कोणाला कोणता तुकडा, बांध कुठून, वाड्याची कोणती खोली कोणाची, हे पुढच्या टप्प्यात ठरतं. वाड्यासाठी कोर्ट कमिशनर नेमतात आणि सारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी कोर्टाने सांगितल्यावर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. आमच्याकडे यांतलं काहीही पूर्ण झालेलं नाही. मोजणी एकदा झाली, तिच्यावर हरकत आली, आणि पुढे रोजनाम्यात तारखांमागून तारखा आहेत. म्हणजे हिस्से ठरलेत, वाटणी झालेली नाही.

१२ डिसेंबर

आज सातबारा वाचले. चार वेगवेगळ्या वर्षांचे उतारे आहेत.

भाऊजींची बाजू कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, स्पष्ट आहे. आप्पांनी १९८५ सालीच दोघा मुलांत तोंडी वाटणी करून दिली होती, त्यामुळे आता वाटायला काही शिल्लक नाही, असं ते म्हणतात. आता आप्पांच्या नंतरचा उतारा पाहा. कब्जेदार म्हणून भाऊजींचं नाव आहे आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.' लिहिलं आहे. सासूबाई आणि वन्संची नावं 'इतर हक्क' रकान्यात आहेत.

ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही नोंद असलेला माणूस एकटा मालक नसतो, सगळ्यांच्या वतीने त्याचं नाव लागलेलं असतं. मग १९८५ मध्ये वाटणी होऊन कुटुंब विभक्त झालं असेल, तर १९८९ नंतर तेच भाऊजी एकत्र कुटुंबाचे मॅनेजर कसे झाले? फेरफाराची नक्कल गठ्ठ्यातच आहे. वर्दी देणारे म्हणून त्यावर भाऊजींचीच सही आहे.

गणितात आम्ही याला विसंगती म्हणतो. एक विधान खरं धरलं की दुसरं खोटं पडतं. सातबाऱ्यावरची नोंद मालकीचा अंतिम पुरावा नसते, हे वकीलसाहेबांनी बजावून सांगितलं आणि ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. पण स्वतः दिलेल्या वर्दीबद्दल उत्तर स्वतःलाच द्यावं लागतं.

आणि मला आठवतं ते वेगळंच. १९८७ च्या उन्हाळ्यात आप्पांनी ज्वारीची चार पोती ट्रकातून साताऱ्याला पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती : खळं एकच झालं, तुमच्या वाट्याची पाठवतो आहे. खळं एकच होतं, चूल एक होती, विहिरीच्या इंजिनाचं डिझेलही एकाच हिशोबात लिहिलं जायचं. १९८५ मध्ये वाटणी झाली असती तर घरातल्या सुनेला ते कळल्याशिवाय राहिलं नसतं. मला कोणी कधी विचारलं नाही, आणि कैफियतीत असं लिहिलंय हे मी आज पहिल्यांदा वाचलं.

१३ डिसेंबर

काल एक गोष्ट लिहायची टाळली. कैफियत दोन्ही भावांची मिळून एकच आहे. तिच्या शेवटच्या पानावर भाऊजींच्या खाली ह्यांची सही आहे. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' सही ओळखीची, अगदी स्वच्छ आहे.

आज बस्ता उघडला नाही.

१७ डिसेंबर

नि. ६८. ह्यांची साक्ष. टंकलिखित, आठ पानं.

साक्ष वाचायला वेगळी सवय लागते. उलटतपासात वकिलाने विचारलेला प्रश्न सहसा लिहिलेला नसतो, उत्तरातच तो गुंडाळलेला असतो. 'हे म्हणणे खरे आहे की' किंवा 'हे म्हणणे खरे नाही की' अशी वाक्यं एकामागून एक येतात. प्रत्येक वाक्यावरून प्रश्न मागे जाऊन शोधावा लागतो. मी वहीत डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर असं मांडत गेले. सहाव्या पानापर्यंत विशेष काही नाही: गट नंबर, चतुःसीमा, आप्पांची तारीख. सहाव्या पानावर हे आहे, जसंच्या तसं उतरवते:

'हे म्हणणे खरे आहे की, सन १९८५ साली अथवा त्यानंतर आमच्यात कोणतीही वाटणी झालेली नाही. कैफियतीवर मी थोरल्या भावाच्या सांगण्यावरून सही केली. सही करतेवेळी मी ती वाचलेली नव्हती. वादी माझी बहीण असून तिचा मिळकतीत हिस्सा आहे ही गोष्ट मला मान्य आहे.'

खाली तारीख आहे, ऑगस्ट २००१.

पाण्याची पाळी नव्हतीच. दोघा भावांचं बोलणं तुटलं ते या चार वाक्यांनी. त्या दिवशी हे कोर्टातून घरी आले असतील, जेवले असतील, दुसऱ्या दिवशी पाटबंधारे खात्यातल्या कचेरीत गेले असतील. मी नववीच्या पेपरांत बुडालेली असेन. २००३ चा निकाल पुन्हा काढून पाहिला. तोंडी वाटणी शाबीत झाली नाही, असं म्हणताना कोर्टाने जी कारणं दिली आहेत त्यांत ही कबुली पहिली आहे, आणि ए.कु.मॅ. ची नोंद दुसरी.

मी वन्संशी तेवीस वर्षं नीट बोलले नाही. दहाव्याला त्या आल्या होत्या, कोपऱ्यात बसून गेल्या.

२१ डिसेंबर

नि. ६८ च्या पाठीमागचा शिक्का आज भिंगाखाली धरला. नक्कल खात्याच्या शिक्क्यात तीन तारखा असतात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळतात, म्हणून त्या महत्त्वाच्या. मला वेगळ्या कारणाने उपयोग झाला. मी समजत होते की ही प्रत २००१ ची, जुन्या कामातली. अर्जाची तारीख आहे फेब्रुवारी २०२१. वीस वर्षांनी ह्यांनी स्वतःच्याच साक्षीची नक्कल मागवली होती. कशासाठी?

२३ डिसेंबर

उत्तर तिसऱ्या गठ्ठ्यात, एका पाठकोऱ्या कागदावर सापडलं. ह्यांच्या अक्षरात दोन हिशोब आहेत. वरचा जुना, पुसट पेन्सिलचा: ५/१२, ५/१२, १/६. खालचा निळ्या शाईचा: १/३, १/३, १/३. त्याच्या शेजारी '११ ऑगस्ट'.

वरचा आधी सोडवला. आप्पा गेले तेव्हाच्या कायद्यात मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून हिस्सेदार नव्हती. म्हणून आप्पा जाण्याच्या क्षणी कागदावर वाटणी झाली असं मानायचं: आप्पा, सासूबाई आणि दोन मुलगे, प्रत्येकी १/४. मग फक्त आप्पांचा १/४ चौघा वारसांत वाटायचा: सासूबाई, दोन मुलगे, मुलगी. प्रत्येकी १/१६. म्हणजे सासूबाई आणि मुलगे प्रत्येकी ५/१६, वन्संना नुसता १/१६. पुढे सासूबाई गेल्या. त्यांचे ५/१६ तिघा मुलांत, प्रत्येकी ५/४८. बेरीज केली की मुलगे ५/१२ आणि वन्सं १/६. २००३ च्या हुकूमनाम्यात हेच आकडे आहेत. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना हक्क दिला होता, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. वन्संचं लग्न १९७८ चं.

खालचा हिशोब आता आपोआप सुटला. हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार झाली. पण वडील त्या तारखेला हयात हवेत की नकोत, यावर पंधरा वर्षं वेगवेगळे निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सांगितलं की वडील हयात असण्याची गरज नाही. तेव्हा पहिल्या पायरीलाच पाच हिस्से: आप्पा, सासूबाई, दोन मुलगे, एक मुलगी, प्रत्येकी १/५. आप्पांचा १/५ चौघांत, प्रत्येकी १/२०. प्रत्येकाचा १/४. सासूबाईंचा १/४ पुन्हा तिघांत. म्हणजे तिघांना सारखा, १/३.

जमीन ४ हेक्टर ८० आर आहे. जुन्या हिशोबाने वन्संना ८० आर आणि आम्हाला २ हेक्टर. नव्या हिशोबाने प्रत्येकी १ हेक्टर ६० आर. आमचे ४० आर जातात, जवळपास एक एकर.

हिशोबात चूक नाही. ह्यांनी मला दाखवला असता तर पूर्ण गुण दिले असते.

२८ डिसेंबर

वकीलसाहेबांकडे दीड तास बसले. बरोबर वही नेली होती.

वन्संनी २०२२ मध्ये अंतिम हुकूमनाम्याच्या कामात हिस्से दुरुस्त करण्याचा अर्ज दिला आहे. त्यावर कोर्टाचा शेरा आहे: 'इतरांनी म्हणणे द्यावे.' भाऊजींनी आपलं म्हणणं दिलं, अर्ज नामंजूर करा असं. प्रतिवादी क्रमांक २ चं म्हणणं अजून दिलेलं नाही. ह्यांचं आजारपण त्याच वर्षी सुरू झालं. भाऊजी माझ्याकडून जो कागद सही करून मागताहेत, तो म्हणजे हे म्हणणं.

मी विचारलं, २००३ चा हुकूमनामा असताना हिस्से बदलतात का? ते म्हणाले की भांडण तिथेच आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी दुरुस्त कायदा उघडत नाही. भाऊजींचे वकील म्हणतात की आमचा हुकूमनामा २००३ चा, म्हणून तो सुरक्षित. पण प्राथमिक हुकूमनाम्याने वाटणी पुरी होत नाही. अंतिम व्हायचा असेल तोवर बदललेल्या कायद्याप्रमाणे हिस्से फिरवता येतात, आणि २०२० च्या निकालात हे स्पष्ट लिहिलं आहे. "जमिनीबाबत ते म्हणतील की कोर्टाचं काम २००३ लाच संपलं, उरलं ते जिल्हाधिकाऱ्यांचं. त्यावर युक्तिवाद होईल. बाजू वन्संची भक्कम आहे, पण मी खात्री देत नाही."

मग त्यांनी त्यांच्या फाइलीतून एक कागद काढून समोर ठेवला. प्रतिवादी क्र. २ यांचे म्हणणे, कच्चा मसुदा, मार्च २०२१. वन्संनी अर्ज देण्याच्या वर्षभर आधीचा. 'वादीने हिस्सा दुरुस्तीचा अर्ज दिल्यास प्रस्तुत प्रतिवादीची हरकत नाही.' समासात ह्यांची एक दुरुस्ती आहे. 'हरकत नाही' खोडून वर लिहिलंय, 'संमती आहे'.

"वर्षभर वाट बघत होते ते," वकीलसाहेब म्हणाले. "बहिणीकडून अर्ज येईना. मी म्हटलं, तुम्ही स्वतःच द्या. तर म्हणाले, आधी घरात सांगतो."

घरात म्हणजे मला.

५ जानेवारी २०२५

मुलगा पुण्याहून आणि मुलगी नाशिकहून आली. ह्यांच्या जागी वारस म्हणून आम्ही तिघे लागणार, तेव्हा तिघांनी ठरवायला हवं. जेवणं झाल्यावर फळ्यावर लिहावं तसा दोन्ही हिशोब कागदावर लिहून दाखवला. मुलाने बराच वेळ ४० आरच्या आकड्यावर बोट ठेवलं होतं. "आई, कोर्टाने दिलं तर आत्याला देऊच की. आपण होऊन संमती का लिहायची?" त्याचं म्हणणं अगदी वाजवी होतं. मी काही बोलले नाही, नि. ६८ चं सहावं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं.

मुलीने विचारलं, "आई, तुझ्या माहेरच्या जमिनीत तुझं नाव आहे का?" मी १९९१ मध्ये हक्कसोडपत्रावर सही केली होती. तेही न वाचता. हे मी तिला सांगितलं.

रात्री मुलाने म्हटलं की आपण सही करू.

८ जानेवारी

भाऊजींना फोन केला. आपण पाठवलेल्या कागदावर मी सही करणार नाही, आणि काय लिहिणार आहे तेही सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यानंही असंच केलं होतं." सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचा आवाज होता तो. मी म्हटलं, आज कळलंय मला, भाऊजी. फोन त्यांनीच ठेवला.

१४ जानेवारी, संक्रांत

वन्संकडे गेले. तिळगूळ नेला आणि वही नेली. आधी मयताच्या वारसांचं काम काढलं. प्रतिवादी वारला की त्याचे वारस नव्वद दिवसांत दाव्यात लावून घेण्याचा अर्ज वादीने द्यायचा असतो. ह्यांची तारीख ३ नोव्हेंबर, म्हणजे १ फेब्रुवारीपर्यंत. मृत्यूची पुरशिस आमचे वकीलसाहेब देणार आहेत. पुरशिस म्हणजे कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारा लेखी कागद. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर मुदत चुकली तरी दावा पडत नाही, असं ते म्हणाले होते, पण उगीच नवा वाद कशाला. आमच्या तिघांची नावं, वयं, पत्ते लिहून दिले. वन्सं चष्मा लावून अक्षरन् अक्षर तपासत होत्या.

मग नि. ६८ ची प्रत दिली. त्या म्हणाल्या, "हे मला पाठ आहे, वहिनी. मी तिथंच बसले होते बाकावर. तो पिंजऱ्यातून उतरून माझ्याकडे न बघता गेला. मी पाठीमागं गेले तर म्हणाला, आत्ता बोलू नको, दादा बघतोय."

"मग नंतर?"

"नंतर राहूनच गेलं."

२७ जानेवारी

पुकारा सव्वाबाराला झाला. मृत्यूची पुरशिस दाखल, वारस लावण्याचा अर्ज दाखल. अर्ज मंजूर झाला, दाव्यात दुरुस्ती करायला वेळ दिला. मग प्रतिवादी क्रमांक २ अ ते २ क यांचं म्हणणं वकीलसाहेबांनी पुढे केलं. मसुदा ह्यांचाच ठेवला, तारीख आणि नावं तेवढी बदलली. भाऊजींच्या वकिलांनी युक्तिवादाला मुदत मागितली. पुढची तारीख १० मार्च.

कारकुनाने कोपऱ्यात लिहिलेला क्रमांक बघून घेतला आणि वहीतली रिकामी ओळ भरली: नि. ११४, २७ जानेवारी २०२५, प्रतिवादी क्र. २ तर्फे, संमती आहे.